जमिनीचे पैसे, एक कोटीची अट आणि हेज फंडाची फी

पेडणेवाला

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यात मोपला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचे सामाईक भाट होते, ते यंदा विकले गेले. बाबा आणि त्यांचे दोन भाऊ असे तिघे हिस्सेदार. कर, वकील, दलाली सगळे भागवून तिघांचे मिळून एक कोटी पस्तीस लाख बँकेत आहेत, म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस.

पैसे खात्यात पडल्यावर लगेच बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा, म्हणजे आरएमचा, फोन. एफडीत कशाला अडकवता, तुमच्यासाठी हेज फंड आहे, मोठ्या लोकांचे पैसे तिथेच असतात, असे सांगत घरी आला. कागदावर 'कॅटेगरी थ्री एआयएफ', म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंडाचा एक प्रकार, लिहिले आहे. किमान एक कोटी लागतात. आम्ही म्हटले, कोणाकडेच एकट्याचे कोटी नाहीत. तर म्हणतो, बाबांच्या नावावर एक कोटी घाला, भावाभावांत काय ते नंतर बघा.

फीची ओळ आहे तशी उतरवतो: वर्षाला 2% फिक्स्ड फी, 10% हर्डलच्या वर 20% परफॉर्मन्स फी, विथ कॅच-अप. खाली मागच्या तीन वर्षांचे चांगले आकडे आणि त्याखाली बारीक अक्षरात 'ग्रॉस'.

बाबा निवृत्त शिक्षक. पेन्शन आहे, थोडी एफडी आहे, बाकी काही नाही. धाकट्या काकांचा टेम्पो आहे आणि त्यांना हे फार आवडले आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे लोक पैशाचे नेमके करतात काय, आपल्याकडून घेतात किती, आणि इतके चांगले असेल तर ते आमच्यासारख्यांना एरवी का मिळत नाही?

म्हापशेकर काका

मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून सांगतो. हेज म्हणजे कुंपण. बाजार पडला तरी तुमचे पैसे पडत नाहीत, हीच त्यातली गोम. म्हणूनच श्रीमंत तिथे जातात. खरा हेज फंड भारतात चालतच नाही, सेबी परवानगी देत नाही, हे एआयएफ वेगळे प्रकरण. फीचे म्हणाल तर मला ती पद्धत म्युच्युअल फंडापेक्षा सरळ वाटते. त्याने कमावले तर तो घेणार, नाही कमावले तर नाही घेणार. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच बाजूला.

फोंड्याचो रायडर

एक कोटी कशाला? माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेज फंड दहा हजारांपासून आहे. ॲप आहे त्यांचे, रोज नफा दिसतो. माझे चाळीस हजार आतापर्यंत एकसष्ट झाले. परदेशातला फंड आहे म्हणे. मित्रांनाही घेतले मी.

खतावणी

मी मुंबईत एका फंड ॲडमिनिस्ट्रेटरकडे हिशेबाचे काम करत होते. हेज फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, काढणे, प्रत्येक गुंतवणूकदाराची फी वेगवेगळी लावणे, हेच रोजचे काम. आता पर्वरीला असते. सावकाश लिहिते, कारण तीन प्रश्न तीन ठिकाणी जातात.

त्याआधी रायडर, तुम्ही आजच त्या ॲपमधून सगळे पैसे काढायची विनंती टाका आणि काय होते ते बघा. भारतात हेज फंड म्हणून जो कॅटेगरी थ्री एआयएफ चालतो, त्याला सर्वसाधारण माणसाकडून एक कोटीच्या खाली पैसे घेताच येत नाहीत. त्याला जाहिरात करायलाही बंदी आहे, खाजगी बोलणी करूनच पैसे गोळा करायचे. त्यामुळे जो व्हॉट्सॲपवर दहा हजार मागतो तो हेज फंड नव्हे. पैसे काढताना 'आधी टॅक्स भरा', 'आधी फी भरा' असे उत्तर आले तर आणखी एक रुपया घालू नका. 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. उशीर झाला तर पुढच्या खात्यांतून पैसे निघून जातात.

आता पेडणेवाल्यांचा पहिला प्रश्न. काका, कॅटेगरी थ्री हाच आपल्याकडचा हेज फंड. सेबीने 2012 च्या एआयएफ नियमांत त्याला जागा दिली. आणि बाजार पडला की पैसे पडत नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. काय करतात ते आकड्यांत दाखवते.

समजा फंडात 100 लाख आहेत. मॅनेजरचा अभ्यास सांगतो की 'अ' बँक चांगली चालली आहे आणि 'ब' बँकेची कर्जे बिघडत आहेत. तो 'अ'चे 60 लाखांचे शेअर घेतो आणि 'ब'चे 60 लाखांचे फ्युचर्स विकतो, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे विकण्याचा करार करतो, भाव पडला तर फायदा त्याचा. उरलेल्या 40 लाखांची सरकारी ट्रेझरी बिले घेऊन तीच मार्जिनपोटी, म्हणजे त्या कराराचे तारण म्हणून, ठेवतो. बाजार पडला, 'अ' 8% उतरली, 'ब' 15% उतरली. 'अ'वर 4.8 लाख गेले, 'ब'वर 9 लाख आले, हातात 4.2 लाख. उलट बाजार चढला, 'अ' 12% वर, 'ब' 7% वर. 7.2 लाख आले, 4.2 लाख गेले, हातात 3 लाख. दोन्ही वेळा नफा. बाजार कुठे गेला याला इथे महत्त्व नाही, दोन बँकांमधले अंतर त्याच्या बाजूने वाढले, हे महत्त्वाचे.

हीच मूळ कल्पना. 1949 साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्स या माणसाने एक लाख डॉलर घेऊन असा पहिला फंड काढला, त्यात चाळीस हजार त्याचे स्वतःचे होते.

पण आता तिसरी शक्यता घ्या. 'अ'च्या खात्यांत घोळ निघाला आणि ती 10% पडली. त्याच महिन्यात 'ब'ला कोणीतरी मोठा भागीदार मिळाला आणि ती 10% चढली. बाजार जागच्या जागी आणि फंडाचे 6 अधिक 6, बारा लाख गेले. सेबी कॅटेगरी थ्रीला फंडाच्या मूल्याच्या दुपटीपर्यंत एक्स्पोजर, म्हणजे खरेदी आणि विक्री मिळून सौदे, घेऊ देते. म्हणजे मॅनेजरने 60-60 ऐवजी 100-100 केले असते तर वीस लाख गेले असते. बाजाराचा धोका काढून टाकताना मॅनेजरच्या निवडीचा धोका पूर्ण घेतलेला असतो. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड 1998 मध्ये असाच बसला. नोबेल मिळालेले दोन अर्थशास्त्रज्ञ त्यात भागीदार होते. अंतर कमी होईल यावर पैज होती, ते वाढत गेले, आणि उसनवारी अफाट होती. काही महिन्यांत साडेचार अब्ज डॉलरांहून जास्त गेले. शेवटी चौदा बँका आणि दलाली पेढ्यांनी मिळून 3.6 अब्ज घालून तो सावरला, तेही अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने सगळ्यांना एका खोलीत बसवले म्हणून.

सगळे हेज फंड जोडीच खेळतात असे नाही. कोणी कंपन्यांच्या विलीनीकरणावर पैसे लावतो, कोणी चलनावर, कोणी संगणकाच्या सूत्रांवर. आपल्याकडचे कॅटेगरी थ्री फंड पुष्कळदा तर नुसते शेअर घेऊन बसलेलेही असतात, शॉर्ट, म्हणजे विक्रीची, बाजू नावापुरती. तुमच्या कागदात 'लाँग ओन्ली' लिहिले आहे का ते आधी बघा. तसे असेल तर म्युच्युअल फंडासारख्याच कामाला तुम्ही हेज फंडाची फी देणार आहात.

फीवर रात्री लिहिते, हिशेब नीट मांडायला वेळ हवा.

डिचोलीची माई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, रागावू नका. आमच्या गावच्या एका क्रेडिट सोसायटीत माझे सहा लाख अडकलेत. मुदत संपून गेली, पण 'पुढच्या महिन्यात या' हेच उत्तर. ह्या हेज फंडात तरी पाच लाखांपर्यंत सरकारची हमी आहे का? बँकेच्या पाटीवर लिहिलेले असते ना तशी. असेल तर सोसायटीचे सुटले की मुलगा तिकडे घालू म्हणतो.

खतावणी

माई, रागावायचे काय त्यात. ती पाच लाखांची हमी डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाची. ती बँकांतल्या ठेवींना असते, सहकारी बँकासुद्धा त्यात येतात, पण क्रेडिट सोसायटी येत नाही. फंडाला तर कसलीच हमी नाही, हेज असो वा म्युच्युअल. सोसायटीच्या बाबतीत सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारण्याची कुठे नोंद राहत नाही. सुटलेले पैसे हेज फंडात जाऊच शकणार नाहीत, एक कोटीची अट आहे, आणि तुमच्या बाबतीत ती आहे हे बरेच आहे.

खतावणी

आता फी. पेडणेवाल्यांनी कागदावरची ओळ जशीच्या तशी दिली हे बरे केले, कारण सगळा फरक शेवटच्या दोन शब्दांत आहे.

एक कोटी घातले आणि वर्षभरात फंडाने 15% कमावले असे धरू. हे चांगले वर्ष. कर तूर्त बाजूला ठेवते. ग्रॉस नफा 15 लाख. फिक्स्ड फी 2% म्हणजे 2 लाख, त्यावर 18% जीएसटी 36 हजार. कस्टोडियन, ऑडिट, ॲडमिनिस्ट्रेटर यांचा खर्च धरा 30 हजार. एकूण 2 लाख 66 हजार गेले, उरले 12 लाख 34 हजार. काका, यातली एक पैही नफ्यावर अवलंबून नाही. फंडाने तोटा केला तरी हे जातातच. जोन्सने फक्त नफ्याचा पाचवा हिस्सा घेतला होता, फिक्स्ड फी नव्हती. ती मागून आली आणि आता सगळीकडे तीच रीत आहे. तुम्ही म्हणता तशी एका बाजूची फी त्या काळी होती.

पुढे हर्डल. पहिले 10%, म्हणजे 10 लाख, तुमचे. त्यावर उरले 2 लाख 34 हजार. कॅच-अप नसता तर या 2,34,000 चे 20% म्हणजे 46,800 मॅनेजरचे, जीएसटी 8,424. तुमच्या हातात 11,78,776. कोणालाही ती ओळ वाचून हेच वाटते.

'विथ कॅच-अप' असेल तर हिशेब असा चालत नाही. हर्डल ओलांडला की वरचे सगळे पैसे आधी मॅनेजरला जातात, त्याचा वाटा एकूण नफ्याच्या 20% होईपर्यंत. 10 लाख तुमचे, तर त्याला 2.5 लाख मिळेपर्यंत तुम्हाला पुढे काही नाही. आपल्या उदाहरणात वर उरलेच 2,34,000. ते सगळे त्याचे. त्यावर जीएसटी 42,120, तो तुमच्या दहा लाखांतून. हातात राहिले 9,57,880.

एकाच वर्षी, एकाच नफ्यावर, दोन शब्दांनी तुमचे 2,20,896 रुपये गेले. फंडाने 15% कमावले, तुम्हाला साडेनऊपेक्षा थोडे जास्त मिळाले. वर्षअखेरीला एनएव्हीची शीट गुंतवणूकदाराकडे गेली की मला यायचे ते फोन बहुतेक याच रकान्यावरचे असत. लोक म्हणायचे, चूक झाली आहे. चूक नसायची. सही केलेल्या करारात तेच असायचे.

हिशेबाच्या बारकाव्यात फंडागणिक फरक असतो. फी खर्चाआधी लावतात की नंतर, हर्डल दर वर्षी नव्याने लागतो की साचत जातो, कॅच-अप पूर्ण की अर्धा, हे सगळे पीपीएममध्ये, म्हणजे फंडाच्या सविस्तर माहितीपत्रकात, असते. आरएमने दिलेला दोन पानी कागद पीपीएम नव्हे. ते शंभरेक पानांचे बाड असते, ते मागा.

आणखी एक शब्द त्या ओळीत दिसला नाही, तो शोधा: हाय वॉटर मार्क. समजा पहिल्या वर्षी 100 चे 80 झाले, दुसऱ्या वर्षी 80 चे पुन्हा 100. तुम्ही कमावले शून्य. हाय वॉटर मार्क असेल तर 100 च्या वर जाईपर्यंत परफॉर्मन्स फी नाही. नसेल तर दुसऱ्या वर्षाचा 20 लाख नफा धरून, 80 वरचा 8 लाख हर्डल सोडून, 12 लाखांवर 2.4 लाख फी लागेल, आणि हे कॅच-अपशिवाय. हाय वॉटर मार्क असलेल्या फंडाचाही एक धोका असतो. फंड फार खाली गेला की कित्येक वर्षे परफॉर्मन्स फी मिळणार नाही हे मॅनेजरला दिसते, आणि तो फंडच बंद करून नव्या नावाने दुसरा काढतो. तिथे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मॅनेजरने आधी किती फंड बंद केले, हे विचारायला लोक लाजतात. विचारावे.

मडगावचा सीए

ताईंच्या हिशेबात एक मोठा आकडा अजून यायचा आहे, कर. म्युच्युअल फंडात तुम्ही विकेपर्यंत कर नसतो. कॅटेगरी थ्रीत कर साधारणपणे फंडाच्या पातळीवरच भरला जातो, आणि फ्युचर्ससारख्या डेरिव्हेटिव्हमधला नफा व्यवसाय उत्पन्न धरून सर्वोच्च दराने. शिक्षकांच्या पेन्शनला कोणता स्लॅब लागतो याला तिथे अर्थ नाही. म्हणजे जितका 'हेज' जास्त तितका फ्युचर्सचा भाग जास्त, तितका कर जास्त. आरएमच्या कागदावरचे 'ग्रॉस' म्हणजे फीच्याही आधीचे आणि कराच्याही आधीचे. एफडीचा व्याजदर आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून दाखवला असेल तर ती तुलनाच नव्हे.

आणि मग एवढे करून मिळते काय? वॉरन बफे यांनी 2008 ते 2017 या दहा वर्षांची पैज लावली होती. एका बाजूला साधा एसअँडपी 500 चा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत पैसे घालणारे पाच निवडक फंड. इंडेक्सने एकूण 125.8% दिले. पाचांतल्या सर्वांत चांगल्याने 87.7%, सर्वांत वाईटाने 2.8%. माझ्या मते विषय तिथेच संपतो.

खतावणी

कराचे अगदी बरोबर, मी ते तुमच्यासाठीच सोडले होते. पैजेवर मात्र थोडे वेगळे म्हणेन. पहिल्याच वर्षी, 2008 मध्ये, इंडेक्स 37% पडला आणि ते पाचही फंड त्याहून कमी पडले. म्हणजे ज्या कामासाठी ते होते ते त्या वर्षी त्यांनी केले. शिवाय त्यांच्यावर फीचे दोन थर होते, खालच्या हेज फंडांचा एक आणि वरच्या फंडाचा दुसरा. ज्याच्याकडे दोनशे कोटी आहेत आणि ज्याला चढण्यापेक्षा न पडण्याची काळजी जास्त, त्याने त्यातला एक तुकडा अशा फंडात ठेवणे मला चूक वाटत नाही. पंचेचाळीस लाख हीच आयुष्याची पुंजी असेल तर प्रश्नच वेगळा होतो.

मडगावचा सीए

दोनशे कोटीवाल्यानेही निम्मे कर्जरोख्यांत ठेवले तर तेच काम स्वस्तात होते. इथे आपले पटणार नाही.

पेडणेवाला

ताई, सीए साहेब, देव बरें करूं. कॅच-अपचा हिशेब बाबांना कागदावर काढून दाखवला, त्यांनी स्वतः पेन्सिलने पुन्हा केला, तोच आला.

पण तिसरा प्रश्न राहिला. कोटीची अट का? आणि धाकटे काका म्हणतात तसे तिघांचे एकत्र करून बाबांच्या नावावर घातले तर बिघडले कुठे? घरचेच आहेत.

म्हापशेकर काका

अट का, ते मी सांगू शकतो. ज्याला तोटा सोसतो त्यानेच जावे म्हणून. एवढे तरी बरोबर ना, ताई? आणि एकत्र करायला हरकत नसावी, जॉइंट खाते चालते, मी बँकेत किती उघडली.

खतावणी

काका, पहिले बरोबर, दुसरे अर्धे. फंडात जॉइंट चालते, पण दोघांचेच, आणि ते दोघे नवरा-बायको किंवा आई-बाप आणि मुलगा-मुलगी असे असावे लागतात. भाऊ-भाऊ धरत नाहीत. म्हणूनच आरएमने 'बाबांच्या नावावर' असे सुचवले.

त्यात बिघडते ते इथे. फंडाच्या वहीत गुंतवणूकदार एकटे बाबा. फी त्यांच्या खात्यावर, विवरणपत्रात ते, तोटा झाला तर तोही त्यांचाच. उद्या धाकट्या काकांना टेम्पो बदलायला दहा लाख हवे झाले तर फंड त्यांना ओळखतच नाही. बाबांनी अर्ज करावा लागेल, आणि उरलेली रक्कम एक कोटीच्या खाली जात असेल तर अर्धवट काढू देतात का, तेही करारात बघावे लागेल. लॉक-इन असेल तर तोवर काहीच नाही. बाबांचे बरेवाईट झाले तर नॉमिनी हा मालक नसतो, वारस मालक. पुतण्यांना सिद्ध करावे लागेल की त्यातले पंचेचाळीस लाख आमच्या वडिलांचे. सामाईक जमीन एकदाची सुटली, तिचे पैसे पुन्हा सामाईक करू नका. गोव्यात वारसाहक्काची प्रकरणे किती वर्षे चालतात हे इथे कोणाला सांगायला नको.

आता अट का. नियम दोन बाजूंनी बांधलेले आहेत. म्युच्युअल फंडाला एका कंपनीत किती घालायचे, उसने किती घ्यायचे, रोज एनएव्ही जाहीर करायची, फीची कमाल मर्यादा किती, सगळे ठरवून दिले आहे, आणि मग त्याला शंभर रुपयांची एसआयपीही घेऊ दिली आहे. कॅटेगरी थ्रीला त्यातले बरेच मोकळे ठेवले, फी तर दोघांनी आपसात ठरवायची, आणि त्या बदल्यात दारावर एक कोटीची अट आणि एका स्कीममध्ये जास्तीत जास्त एक हजार गुंतवणूकदार. अमेरिकेतही कल्पना तीच, फक्त तिथे घर वगळून दहा लाख डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न यावर माणूस मोजतात.

दुसरे कारण धंद्याचे. ज्या युक्तीने खरोखर पैसे मिळतात तिच्यात फार पैसे ओतले की ती चालेनाशी होते. रेनेसाँ टेक्नॉलॉजीजचा मेडॅलियन फंड इतका चालला की त्यांनी बाहेरच्यांचे पैसे परत करून टाकले, आता फक्त आतल्या माणसांचे ठेवतात. त्याची फी वर्षाला 5% फिक्स्ड आणि नफ्यातले 44% अशी होती, तरी लोक रांगेत होते. त्यामुळे जो फंड तुमच्या दारी चालत येतो, त्याला पैशांची गरज आहे हे धरून चालावे.

माझे या अटीबद्दल एक स्पष्ट मत आहे. एक कोटीची अट माणसाला तोटा सोसतो का हे मोजत नाही. त्या दिवशी खात्यात किती आहेत एवढेच मोजते. वर्षानुवर्षे कोट्यवधी कमावणारा आणि भाट विकून आयुष्यात एकदाच पैसे पाहिलेला, दोघे त्या दारातून सारखेच आत जातात. गोव्यात दुसऱ्या प्रकारची माणसे पुष्कळ आहेत, आणि आरएमना ते ठाऊक आहे. दार बंद असल्याने ज्यांचे रक्षण व्हायचे तीच माणसे जमीन विकली की त्या दारात उभी राहतात.

आरएमला दोन गोष्टी विचारा. या फंडाचा डायरेक्ट प्लॅन आहे का? 2023 पासून तो द्यावाच लागतो, आणि त्यात वितरकाचे कमिशन नसते. आणि मॅनेजरने स्वतःचे किती घातले आहेत? सेबीने कॅटेगरी थ्रीला निधीच्या 5% किंवा 10 कोटी, यातले कमी असेल तेवढे ठेवायला लावले आहे. त्याहून जास्त असेल तर चांगले.

म्हापशेकर काका

पटले. पण एक नवीन सांगतो, कदाचित ताईंनाही उपयोगी पडेल. 1 एप्रिल 2025 पासून एसआयएफ, म्हणजे स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड, आले आहेत. दहा लाखांत हेज फंड. म्हणजे आता सामान्य माणसाला दार उघडले. धाकट्या भावाने तिथे जावे.

खतावणी

एसआयएफ म्युच्युअल फंड घराण्यांचेच असतात आणि दहा लाखांची अट आहे, बरोबर. फी म्युच्युअल फंडासारखी खर्चाच्या मर्यादेत, नफ्यातला वाटा नाही, ही मला त्यातली खरी चांगली गोष्ट वाटते. पण शॉर्ट बाजू हेजशिवाय फक्त 25% पर्यंत. वर दाखवलेला 60-60 चा खेळ तिथे तसाच्या तसा होत नाही. हेज फंडाच्या दिशेने एक पाऊल म्हणा. आणि सगळेच नवे आहेत. वाईट बाजारात कसे वागतात हे अजून कोणी पाहिलेले नाही.

डिचोलीची माई

निबंधकांकडे अर्ज देऊन आले. पोच मिळाली.

पेडणेवाला

आरएमशी बोलणे झाले. कॅच-अप पूर्ण आहे. हाय वॉटर मार्क आहे म्हणतो, पण पीपीएममध्ये कुठे ते दाखवता आले नाही. डायरेक्ट प्लॅनचे विचारल्यावर 'त्यात तुम्हाला आमची सेवा मिळणार नाही' एवढेच म्हणाला. थोरल्या काकांनी त्यांचे पंचेचाळीस वेगळे करून दुसऱ्या बँकेत एफडी केली. त्यामुळे कोटीच उरले नाहीत, तो विषय आपोआप मिटला. बाबा अजून ठरवत आहेत.

धाकटे काका आता दहा लाख एसआयएफमध्ये घालणार म्हणतात. कागद आणलाय त्यांनी. त्यात पैसे परत काढायचे ते रोज नाही, ठरावीक दिवशीच, आणि आधी नोटीस द्यावी लागते असे लिहिले आहे. हे असे असते का?

खतावणी

हो, असू शकते. फंडाला तशी मुभा आहे, नोटीस पंधरा कामकाजी दिवसांपर्यंत ठेवता येते. टेम्पोचा हप्ता किंवा इंजिनचे काम त्या दहा लाखांतून करायचे असेल तर नको. रायडर, तुमच्या ॲपचे काय झाले? पैसे निघाले का?

मडगावचा सीए

रायडरनी अजून उत्तर दिलेले नाही. कोणी ओळखत असेल तर त्यांना फोन करा, इथे वाट बघू नका.